डेटर डेज, क्रेडिटर डेज, इन्व्हेंटरी डेज: मराठीत काय म्हणावं?

पेठेतला भाचा: मामांची सांगलीत बिस्किटं-साबणाची एजन्सी आहे. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी सीएनं जो तक्ता दिलाय, त्यात वरचे तीन शब्द आहेत. मामांना मराठीत समजावायचंय. शब्दकोशात ऋणको आणि धनको मिळाले, तर मामा म्हणाले, "यातला मी कोण?"

जुनी वही: मामा दोन्ही आहेत. दुकानदारांचे धनको आणि कंपनीचे ऋणको. म्हणून तर हे शब्द पेढीवर टिकत नाहीत. येणं आणि देणं म्हणा, कोणाचंही डोकं फिरणार नाही.

चहाबिस्कीट: सरळ 'उधारीचे दिवस' म्हणा की. सगळ्यांना कळतं.

हिशोबनीस: तिथंच घोळ होतो. एक तर उधारी दिलेलीही असते आणि घेतलेलीही. दुसरं म्हणजे 'उधारीचे दिवस किती' असं विचारलं की माणूस ठरलेली मुदत सांगतो. तक्त्यातला आकडा मुदतीचा नसतोच, पैसे खरोखर किती दिवसांनी हातात पडतात त्याचा असतो. मी 'वसुलीचे दिवस' म्हणतो. कंपनीसाठी 'देण्याचे दिवस', गोदामासाठी 'मालाचे दिवस'. आकडे टाका, फरक दिसेल.

पेठेतला भाचा: महिन्याची विक्री 20 लाख. तोच माल आम्हाला 19 लाखांना पडतो. गोदामात 11 लाख 40 हजारांचा माल, दुकानदारांकडून येणं 14 लाख, कंपनीचं देणं 4 लाख 40 हजार. सगळं जीएसटीसकट धरलंय. दुकानदारांना मुदत 14 दिवसांची आहे.

चहाबिस्कीट: सोपं आहे. प्रत्येक आकड्याला 20 लाखांनी भागा, 30 नं गुणा. माल 17, येणं 21, देणं साडेसहा. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला की मामांचे पैसे किती दिवस धंद्यात अडकतात ते कळतं, साडेएकतीस दिवस.

हिशोबनीस: येण्याचा आकडा बरोबर. पण गोदामातला माल खरेदीच्या भावानं मांडलेला असतो, त्याला विक्रीनं भागायचं नाही. 19 लाखांनी भागा, 18 दिवस येतील. देणंही खरेदीचंच, ते 7 दिवस. म्हणजे 18 अधिक 21 वजा 7, एकूण 32. इथं मार्जिन जेमतेम 5 टक्के, म्हणून तुमचं उत्तर जवळ आलं. कटलरीवाल्याकडं 25-30 टक्के मार्जिन असतं, तिथं फसाल.

आता मुदतीकडं बघा. ठरलेत 14, पैसे येतात 21 दिवसांनी. विक्रीच्या हिशोबानं त्या 7 दिवसांत 4 लाख 67 हजार अडकलेत. मामांचे एकूण 21 लाख व्यवहारात आहेत, त्यातले एवढे फक्त मुदत न पाळल्यामुळं. आणि 21 ही सरासरी आहे. टॅलीत बिलवार एजिंग काढा, म्हणजे कुठलं बिल किती दिवस थकलंय ते दिसेल. बहुतेक दुकानदार वेळेवर देत असतील आणि दोन-तीन होलसेल पार्ट्या दोन-दोन महिने लावत असतील.

कोकणी मिरची: पण 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे ना? मामांनी उद्यम नोंदणी करून त्या पार्ट्यांना नोटीस द्यावी.

हिशोबनीस: ते संरक्षण माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उलट मामा एखाद्या छोट्या मसालेवाल्याकडून माल घेत असतील, तर त्याचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. 2023-24 पासून उशीर केला आणि वर्षअखेरीस बाकी राहिली, तर त्या वर्षी तो खर्चच धरत नाहीत. तिथं देण्याचे दिवस मनासारखे लांबवता येत नाहीत.

औषधवाला: आमच्याकडं तर एक्स्पायरीचा माल परत पाठवला की क्रेडिट नोट यायला महिने लागतात. तो माल गोदामात नाही आणि पैसेही नाहीत. हे कुठल्या दिवसांत धरायचं?

पेठेतला भाचा: आमचेही कंपनीकडं स्कीम आणि डॅमेजचे 1 लाख 90 हजारांचे क्लेम अडकलेत!

हिशोबनीस: खरेदीच्या हिशोबानं ते आणखी 3 दिवस. मी 35 धरीन. मार्चअखेरीस टार्गेटसाठी कंपनी माल ढकलते, त्या एका दिवसाच्या साठ्यावरही विसंबू नका. बारा महिनाअखेरींची सरासरी घ्या.

जुनी वही: क्लेम देण्यातून वजा करा, येण्यात नको. कंपनी शेवटी क्रेडिट नोटच देणार.

हिशोबनीस: मंजूर झालेला क्लेम असेल तर मान्य. मंजूर व्हायचाय तोवर मी वेगळ्या ओळीत ठेवीन. बँकही तो येण्यात धरत नाही.

जुनी वही: मग त्या ओळीला नाव काय द्याल?

औषधवाला: आमचे वडील 'लटकलेलं' लिहितात.