‘भूमिती’ लिहू की ‘आकार’? फोटोतल्या एका प्रश्नावरून

मृदुला, कळवा
आमच्या अभ्यासिकेत अकरावीची मुलं येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, आता पुस्तकं इंग्रजी. सरावाचे प्रश्न मी त्यांना मराठीत करून देते. एकीने क्लासच्या कागदाचा फोटो पाठवला, त्यात ICl₄ ची ‘जॉमेट्री’ आणि ‘हायब्रिडायझेशन’ विचारलंय, खाली निवडायला पर्याय दिलेत. मी लिहिलं, ‘भूमिती व संकरण सांगा’. काहींचं उत्तर आलं अष्टफलकीय, काहींचं चौरस समतलीय. संकरण दोन्हीकडे sp³d². उत्तरसूचीत चौरस समतलीय आहे. अष्टफलकीयवाले म्हणतात, ‘ताई, तुम्ही भूमिती विचारलीत, आकार कुठे विचारलात?’ एका मुलाचा हिशेब तर मधल्या अणूभोवतीच्या साडेपाच इलेक्ट्रॉन जोड्यांवरच अडला. मी कोणता शब्द वापरायला हवा? फोटो जोडलाय, वर ट्यूबलाइटची तिरीप आलीय.

खाडीकाठ
‘भूमिती’ साफ चूक. भूमिती हा शाळेतला विषय, कंपासपेटी घेऊन करायचा. त्रिकोणाला भूमिती नसते, आकार असतो. मग रेणूला कुठून येणार? इंग्रजी शब्द उचलून त्याच्या जागी मराठी शब्द ठेवला की असं होतं.

निवृत्त_रबाळे
उत्तर सरळ आहे. चार क्लोरीन, चार बंध, म्हणजे चतुष्फलकीय आणि sp³. ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझी नोकरी झाली, याची पिंपं रोज बघायचो. आम्ही सीटीसी म्हणायचो. गोडसर वास यायचा, यकृताला फार वाईट. मुलांना गोंधळात कशाला टाकता?

मृदुला, कळवा
काका, ते कार्बन टेट्राक्लोराइड, CCl₄. इथे पहिलं अक्षर आय आहे, आयोडीन.

निवृत्त_रबाळे
फोटोत मला ती नुसती उभी रेघ दिसते. आय, एल, एक, काहीही असू शकेल.

पारसिक
काकांची शंका रास्त आहे. छपाईच्या बऱ्याच टंकांत मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसतात, म्हणून फोटोवरून सोडवताना आधी मूलद्रव्य नक्की करावं लागतं. पण या फोटोत त्याहून मोठी गोष्ट हरवलीय, आणि ती फक्त साडेपाचवाल्या मुलाला सापडली.

आयोडीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन 7, चार क्लोरीनचे 28, मिळून 35. विषम. इतक्या इलेक्ट्रॉनांच्या पूर्ण जोड्या लागूच शकत नाहीत. विषम इलेक्ट्रॉनांचे रेणू असतात, नायट्रिक ऑक्साइड तसाच आहे, पण या पर्यायांत त्याला जागा नाही. म्हणजे कुठला तरी प्रभार सुटलाय. तिरीप नेमकी 4 च्या डोक्यावर आहे, तिथे ऋण चिन्ह असणार. बाकीच्यांना ICl₄⁻ बहुधा ओळखीचा होता, त्यांनी ते मनानेच धरलं. या मुलाने समोर दिसलं तेवढंच मोजलं.

मृदुला, कळवा
मूळ कागद मागवला. ऋण चिन्ह आहे.

वैशाली_नेरुळ
मग आता हिशेब लागतो. एकूण 36. चार बंधांत 8 गेले, उरले 28. प्रत्येक क्लोरीनवर 6 ठेवले की 24 गेले. उरलेले 4 आयोडीनवर, म्हणजे दोन एकाकी जोड्या. चार बंध आणि दोन जोड्या मिळून सहा, म्हणून sp³d² आणि आकार अष्टफलकीय. माझ्या मते उत्तरसूची चुकली.

पारसिक
वैशालीताई, सहापर्यंत सगळं बरोबर. सहा जोड्या अष्टफलकाच्या सहा टोकांकडे तोंड करून बसतात. पण आकार सांगताना आपण फक्त अणू बघतो. दोन एकाकी जोड्या एकमेकींना सगळ्यात जास्त ढकलतात, म्हणून शेजारी 90 अंशांवर न बसता समोरासमोर 180 अंशांवर जातात, एक वर आणि एक खाली. मधल्या पातळीत चार क्लोरीन उरतात, आयोडीन त्यांच्या मध्ये. म्हणून चौरस समतलीय.

गंमत तिसऱ्या पर्यायाची. तिथे सी-सॉ आणि sp³d दिलंय. तुटलेलं चिन्ह कोणी धन समजलं तर 34 इलेक्ट्रॉन होतात, आयोडीनवर एकच एकाकी जोडी उरते, आणि उत्तर नेमकं हेच येतं. फोटोतल्या एवढ्याशा रेघेवर अख्खं उत्तर फिरतं.

आता शब्द. इंग्रजीतही ‘जॉमेट्री’ दोन्ही अर्थांनी वापरतात, कधी जोड्यांसाठी, कधी अणूंसाठी. अष्टफलकीय लिहिणारी मुलं अडाणी नाहीत, त्यांनी पहिला अर्थ घेतला. मराठीत दोन शब्द करता येतील, जोड्यांची ‘मांडणी’ आणि रेणूचा ‘आकार’.

वैशाली_नेरुळ
‘मांडणी’ आवडला. स्वयंपाकघरातली मांडणी आठवली. मागचे डबे दिसत नाहीत, पण जागा अडवतात.

खाडीकाठ
मांडणी चालेल. भूमिती नाही.

कोपरी_पूर्व
खाडीकाठ, ‘भूमिती’ची फोड तर बघा. भू म्हणजे जमीन आणि मिती म्हणजे मोजणी. ग्रीक शब्दाचीही फोड हीच. इंग्रजीत विषयाचं नाव वस्तूच्या ठेवणीसाठी वापरलं गेलं, मग मराठीत का नाही? ‘गावाचा भूगोल बदलला’ म्हणतोच ना आपण? तिथे भूगोल हा विषय असतो का?

खाडीकाठ
भूगोल रुळलाय. भूमिती या अर्थाने रुळलेली नाही.

कोपरी_पूर्व
मुलांच्या उत्तरपत्रिकेत आली की रुळली.

घणसोली_परभणी
मला ‘संकरण’ खटकतं. आमच्याकडे ज्वारीला सरळ हायब्रीड म्हणतात. हायब्रीडची भाकर आजीला गोड लागायची नाही, ती गावरानच मागायची. आणि ‘संकर’ म्हटलं की जुन्या लोकांच्या डोक्यात वर्णसंकर येतो. रसायनात ‘मिश्रण’ का म्हणू नये?

पारसिक
मिश्रण म्हटलं की कितीही घ्या, कसंही ढवळा असा अर्थ होतो. इथे मोजणी पक्की आहे. एक s, तीन p आणि दोन d असे सहा कक्षक घेतले तर बरोबर सहाच नवे मिळतात, आणि सहाही सारखे. दोन वेगळ्या गोष्टींतून तिसरीच तयार होते हे ‘संकर’मध्ये येतं. हायब्रीड ज्वारीतही तेच नाही का?

घणसोली_परभणी
पण ज्वारीत आई-बाप मोजून तितकीच पोरं मिळत नाहीत.

पारसिक
मान्य.

आणखी एक. आयोडीनचे d कक्षक या बंधांत खरोखर किती भाग घेतात यावरच शंका आहे. आकडेमोड करून बघितलं तर तो वाटा फार थोडा निघतो. समोरासमोरचे दोन क्लोरीन आणि मधला आयोडीन मिळून चार इलेक्ट्रॉन वाटून घेतात, असे दोन संच धरले की d शिवायही हा आयन समजतो. त्यामुळे परीक्षेत sp³d² लिहायचं, कारण पर्यायांत तेच आहे. आकार मात्र जोड्यांच्या ढकलाढकलीतून काढायचा, sp³d² या चिठ्ठीवरून नाही.

मृदुला, कळवा
मग मी ‘संकरण’ हा प्रश्न विचारूच नये का?

वैशाली_नेरुळ
विचारा. नीटच्या मराठी प्रश्नपत्रिकेत हाच शब्द समोर येणार आहे. उद्या मुलांना तो अनोळखी वाटायला नको.

निवृत्त_रबाळे
‘एकाकी जोडी’ हे कोणी ठरवलं? जोडी असून एकाकी कशी? आमच्या वेळी ‘लोन पेअर’ म्हणायचो.

कोपरी_पूर्व
काका, ती जोडीने आहे, पण बंधात नाही. एकाकी आहे ती जोडी, इलेक्ट्रॉन नव्हे.

खाडीकाठ
‘अबंध जोडी’ जास्त नेमकं.

घणसोली_परभणी
अबंध ऐकलं की वाटतं बंध तुटलाय.

मृदुला, कळवा
उद्याच्या कागदावर ‘इलेक्ट्रॉन जोड्यांची मांडणी’ आणि ‘आयनाचा आकार’ असे दोन वेगळे उपप्रश्न घालते, आणि ऋण चिन्ह पेनाने ठळक करते. सी-सॉला काय लिहू ते अजून कोणीच सांगितलं नाही.

वैशाली_नेरुळ
आमच्या सोसायटीच्या बागेत मुलं सी-सॉच म्हणतात.

खाडीकाठ
झुलती फळी.

कोपरी_पूर्व
झुलती फळी म्हणजे झोपाळा. पुढच्या आठवड्यात कोणी SF₄ चा फोटो टाकला की यावरच भांडू.