शब्दचर्चा: रिपोर्टमधलं 'बिनाइन', 'इडिओपॅथिक', 'प्रोग्नॉसिस' म्हणजे घरच्यांनी नक्की काय समजायचं?

जुळे सोलापूरची लेक
आईला (वय 62) आठ-दहा दिवस झाले चक्कर येतीय, म्हणजे पलंगावर उजव्या कुशीवर वळली की सगळी खोली फिरते म्हणती आणि उलटीसारखं होतं, मग थोड्या वेळात थांबतं. काल कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी मान वळवून पटकन आडवं केलं, डोळ्यांकडं बघत बसले आणि कागदावर लिहून दिलं: बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो, राइट पोस्टेरियर कॅनाल, प्रॉबेबली इडिओपॅथिक, प्रोग्नॉसिस गुड, रिकरन्स पॉसिबल. गर्दी होती, विचारायला जमलं नाही. आता घरी गोंधळ चाललाय. आत्या म्हणती बिनाइन हा शब्द गाठीलाच वापरतात, म्हणजे डोक्यात गाठ आहे आणि आपल्यापासून लपवायलेत. पप्पांनी प्रोग्नॉसिसचा अर्थ मोबाईलवर बघितला, तिथं 'किती दिवस जगणार याचा अंदाज' असं काहीतरी आलं, तेव्हापासून ते जेवले नाहीत नीट. कुणीतरी या शब्दांचा सरळ अर्थ सांगा.

नवी पेठ
ताई घाबरू नका, बिनाइन म्हणजे कॅन्सर नाही, बस्स. रिपोर्टात बिनाइन दिसलं की कागद फाईलला लावायचा आणि विसरून जायचं. आमच्याकडं मावशीची छातीतली गाठ बिनाइन निघाली, आज पंधरा वर्षं ठणठणीत.

विजापूर रोड
विसरून जायचं हे पटत नाही. माझ्या वडिलांना प्रोस्टेट वाढलेलं, रिपोर्टात बिनाइनच होतं, आम्ही पण कॅन्सर नाही म्हणून निवांत राहिलो आणि एका रात्री लघवीच बंद झाली, पोट फुगलं, नळी घालायला रात्री दोनला पळावं लागलं. बिनाइन होतं म्हणून त्रास कमी झाला असं काही नाही. तुमच्या आईंचं पण ऑपरेशन सांगितलंय का? आमच्या वडिलांचं दुर्बिणीतून झालं.

आशा सिस्टर (निवृत्त)
विजापूर रोड, तुमच्या वडिलांचं वेगळं आणि यांच्या आईचं वेगळं, इथं ऑपरेशनचा विषयच नाही. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, बिनाइन म्हणजे 'बिनत्रासाचं' नव्हे. गाठीच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की ती आजूबाजूला घुसत नाही आणि अंगभर पसरत नाही. कवटीत जागाच नसते, तिथं बिनाइन गाठ नुसती वाढली तरी दाब देते आणि काढावी लागते.

आता ताई, तुमच्या कागदावर गाठ हा शब्द कुठंच नाही, तो आत्यांनी घातलाय. मी कान-नाक-घशाच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली, हा आजार रोज बघितलाय. आतल्या कानात एका पिशवीत चुन्याचे बारीक खडे असतात, ते तिथंच असायला पाहिजेत. त्यातले काही सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत जातात, तुमच्या आईच्या बाबतीत उजव्या कानाच्या मागच्या नळीत. मग ती उजवीकडं वळली की खडे घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं, मेंदूला वाटतं डोकं गरगर फिरतंय. खडे खाली बसले की मिनिटाच्या आत चक्कर थांबते. ते अचानक येऊन थांबणं म्हणजे पॅरॉक्सिझमल, आणि ठराविक बाजूला वळल्यावर होणं म्हणजे पोझिशनल. बिनाइन एवढ्यासाठी की दोष कानात आहे, मेंदूत नाही. अशीच स्थितीनं येणारी चक्कर क्वचित मेंदूच्या आजारातही येते, तिच्यापासून ही वेगळी सांगायला तो शब्द जोडलाय. आणि हे डॉक्टरांनी अंदाजानं लिहिलं नाही, मान 45 अंश वळवून आडवं केल्यावर डोळे कसे थरथरतात, किती सेकंदांनी सुरू होतात आणि कधी थांबतात ते बघून लिहिलंय. डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 साली मांडलेली तपासणी आहे ती.

सात रस्ता
मग एमआरआय करून घ्या की एकदाचा, मनाची शंका तरी जाईल. आणि इडिओपॅथिक म्हणजे डॉक्टरला कळलं नाही असंच ना? कळलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

आशा सिस्टर (निवृत्त)
ते खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत हो, एवढे बारीक असतात. बोलताना जीभ अडखळली, दोन-दोन दिसायला लागलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, चालताच येईना किंवा चक्कर तासन्‌तास थांबेना, यातलं काहीही झालं तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा, तिथं स्कॅनचा उपयोग आहे.

इडिओपॅथिकचं अर्धं खरं आहे. आजार कोणता ते कळलंय, तो का झाला ते सापडलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्याला मार लागला होता का, कानाचं इन्फेक्शन झालं होतं का, आजारपणात बरेच दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या का, हे विचारून त्यातलं काही नसेल तर तसं लिहितात. या आजारात अशाच पेशंटची संख्या जास्त असते. ताई, आई मध्यंतरी पडल्या होत्या का? 'प्रॉबेबली' लिहिलंय म्हणजे डॉक्टरांनी जागा ठेवलीय.

जुळे सोलापूरची लेक
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा डबा डोक्यावर पडला होता, पण त्याला बरेच महिने झाले. हे सांगितलं नाही आम्ही.

आशा सिस्टर (निवृत्त)
मग पुढच्या वेळी सांगा. इतक्या महिन्यांनी त्याचा संबंध लावायचा का ते डॉक्टर ठरवतील. उपचार बहुतेक तोच राहील.

वैद्य, अक्कलकोट रोड
इडिओपॅथिकला 'अज्ञातहेतुक' असा शब्द आहे, पण घरात तो बोलून कुणाला धीर येणार नाही. 'कारण सापडलं नाही' म्हणा. फक्त एक लक्षात ठेवा, त्या शब्दावरून आजार हलका की भारी हे कळत नाही. फुप्फुसाच्या एका चिवट आजाराच्या नावातही इडिओपॅथिक आहे आणि तो गंभीर असतो. हलकं-भारी कळतं ते प्रोग्नॉसिसवरून. आमच्याकडं याला साध्यासाध्यता म्हणतात. सुखसाध्य म्हणजे सहज बरा होणारा, कृच्छ्रसाध्य म्हणजे कष्टानं, याप्य म्हणजे औषध-पथ्य चालू आहे तोवर आटोक्यात, आणि असाध्य. तुमच्या वडिलांनी वाचलेला अर्थ कॅन्सरच्या पानावरचा असणार. 'आजार पुढं कसा जाईल' एवढाच मूळ अर्थ, आणि तुमच्याकडं तर पुढं 'गुड' लिहिलंय. 'गार्डेड' लिहिलं असतं तर काळजीनं विचारायला पाहिजे होतं, कारण त्याचा अर्थ आत्ता खात्री देता येत नाही असा होतो.

नवी पेठ
पण गुड म्हणायचं आणि रिकरन्स पॉसिबल पण म्हणायचं, हे कसं काय? मग याप्यच झालं ना ते.

वैद्य, अक्कलकोट रोड
याप्य म्हणणार नाही, मधल्या काळात औषध लागत नाही. पण नेमकं कुठल्या खान्यात बसवायचं यावर मी ठाम नाही.

आशा सिस्टर (निवृत्त)
खडे जागेवर आणायला एप्लीची पद्धत आहे, मान आणि अंग क्रमानं वळवत नेतात, प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट थांबतात. बऱ्याच जणांना एक-दोन वेळातच आराम पडतो. गोळीनं मळमळ कमी होते, खडे हलत नाहीत. म्हणून गुड. पण खडे पुन्हा सुटू शकतात, काहींना वर्षभरात, काहींना कधीच नाही, म्हणून रिकरन्स. व्हिडिओ बघून घरी पहिल्यांदाच करू नका, बाजू चुकली तर उपयोग होत नाही, आणि आईंना मानेचा त्रास असेल तर आधी सांगा. तोवर पहाटे उठताना एकदम उभं राहू देऊ नका, पडल्या तर चक्करीपेक्षा हाड मोडायची भीती जास्त.

जुळे सोलापूरची लेक
मानेचा त्रास आहे, पट्टा वापरते. बरं झालं बोललात, सोमवारी एप्लीसाठीच बोलावलंय. पप्पांना आत्ताच वाचून दाखवलं, 'गाठ नाही ना नक्की' एवढंच तीनदा विचारलं. फक्त परत होऊ शकतं हे आईला आत्ताच सांगू की नको?

सात रस्ता
नका सांगू, उगाच रोज वाट बघत बसतील.

विजापूर रोड
सांगा. आमच्या वडिलांना नीट सांगितलं असतं तर लघवीची धार बारीक झाली तेव्हाच बोलले असते.