अनुभव धागा : सेमिस्टर मध्येच सोडून घरी यावं लागलं तेव्हा

विजापूर रोड
ओळखीच्या एका काकूंचा मुलगा अमेरिकेत एमएस करतोय. वडिलांचं ऑपरेशन आहे, त्याला सोलापूरला यायचंय, म्हणून परवा काकूंचा फोन आला. माझ्यावर हीच वेळ आली होती. मी सांगते, तुम्हीही तुमचं सांगा.

माझी दुसरी सेमिस्टर चालू होती. फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायू झाला. विद्यार्थी पोर्टलवर विषय सोडायचं बटण असतं आणि रात्री दोनला मी ते दाबणारच होते. रूममेटने हात धरला, म्हणून वाचले. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसातला सल्लागार, म्हणजे डीएसओ, आधी सेविसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी नोंदणीत, परवानगीची नोंद करतो आणि त्यानंतरच विषय सोडायचे असतात. परवानगी असली तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. आधीच विषय सोडले तर एकही दिवस मिळत नाही, आणि रेकॉर्डवर नियमभंगाची नोंद राहते.

माझी नोंद ३ मार्चला झाली. डीएसओ बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे वळवलं आणि पेन्सिलीने महिने मोजले. पाच महिन्यांच्या आत परतलं तर जुनंच रेकॉर्ड पुन्हा सुरू करता येतं. माझे पाच महिने ३ ऑगस्टला संपत होते आणि वर्ग सुरू होणार होते २४ ऑगस्टला. तीन आठवड्यांनी चुकलं. विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणारा आय-२० फॉर्म नवा, ३५० डॉलरची सेविस फी पुन्हा, व्हिसाही पुन्हा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचं आणि सकाळी मुंबईत उतरून वकिलातीच्या रांगेत उभं राहायचं, हे सगळं परत केलं. पण खरं नुकसान वेगळंच झालं. विद्यापीठाबाहेर काम करायला मिळण्याआधी सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण लागतं. त्यात माझी पहिली सेमिस्टर धरली गेली नाही, आणि जानेवारीची इंटर्नशिप हातची गेली.

बाळीवेस
१५ नाही, ६० दिवस मिळतात. माझ्या भावाला मिळाले होते.

विजापूर रोड
भावाचा कोर्स पूर्ण झाला असेल ना? ६० दिवस कोर्स पूर्ण करणाऱ्याला मिळतात. मध्येच सोडणाऱ्याला १५.

बाळीवेस
हो, त्याची डिग्री झाली होती. पण मग मेडिकल सवलत का नाही घेतली? डॉक्टरांचं पत्र दिलं की कमी विषय घेऊन, किंवा एकही न घेता, तिथेच राहता येतं म्हणे.

होटगी रोड
मी तिकडे शिकवतो. ती सवलत विद्यार्थी स्वतः आजारी असेल तरच मिळते. एका पदवीच्या काळात एकूण १२ महिने. वडिलांच्या आजारावर नाही मिळत.

काकूंच्या मुलासाठी एक सांगतो. सेमिस्टर सोडायचीच आहे का, हे आधी बघा. दोन-तीन आठवड्यांचं काम असेल तर आय-२० वर प्रवासाची सही घेऊन त्याने यावं. प्राध्यापकांना भेटून राहिलेलं काम नंतर देण्याची सोय मागावी. आम्ही बहुतेक देतो, फक्त मुलांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आधी विचारावं. दोन सेमिस्टर पूर्ण झाल्या की उन्हाळ्यात नाव न नोंदवताही विद्यार्थी व्हिसाचा दर्जा टिकतो, मग मे ते ऑगस्ट घरी राहता येईल. सोडावीच लागली, तर परवानगीची तारीख आणि परतीच्या वर्गांची तारीख यांतलं अंतर डीएसओसमोर बसून मोजा. तारीख थोडी पुढे नेता येईल का, तेही तिथेच विचारा.

सात रस्ता
माझं अमेरिकेचं नाही, इथलंच इंजिनिअरिंगचं आहे. कावीळ झाली, सेमिस्टर बुडाली. कॉलेजला तोंडी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी महाडीबीटीवर अर्ज भरताना गॅप दाखवावा लागला आणि कॉलेजकडे त्याचा एकही कागद नव्हता. क्लार्क म्हणाला, अर्ज कुठाय? तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. माझी शिष्यवृत्ती अजून अडकलेली आहे. असं कुणाचं सुटलंय का?

जुळे सोलापूर
धागाकर्ती ताई, तुमच्या फी-माफीचं काय झालं? आणि कर्जाचं?

विजापूर रोड
व्हिसाच्या परवानगीशी फी-माफीचा काही संबंध नसतो, हे मला उशिरा कळलं. विभागाने रजा मंजूर केली होती, आणि त्यातच सगळं आलं असं मी धरून चालले होते. शिष्यवृत्तीच्या ऑफिसला वेगळी मेल केली, तेव्हा त्यांनी पुढच्या सेमिस्टरसाठी ती राखून ठेवल्याचं लेखी दिलं. त्या पत्रात परतीची सेमिस्टर नावानिशी लिहून घ्या. नुसतं 'नंतर विचार करू' असं पत्र उपयोगाचं नाही. चालू सेमिस्टरची फी परत मिळायची मुदत मात्र उलटून गेली होती, ते पैसे गेले.

कर्जाचा पुढचा हप्ता बँकेने थांबवला. कोर्सची नवी शेवटची तारीख असलेलं विद्यापीठाचं पत्र दिल्यावर सोडला.

सात रस्ता, तुमच्यासारखं कुणाचं सुटलं असेल तर कृपया इथे लिहा. मलाही माहीत नाही.

जुळे सोलापूर
आणि बाबा कसे आहेत?

विजापूर रोड
काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. मी असताना पहिल्यांदा उभे राहिले.