प्रतिसाद: जोडणीला एकेक तोड का पुरत नाही

> 'युनियनला दोन्ही मशीन आलटून पालटून चालवावी लागतात, पण जोडणीला एकेक तोड तपासली तरी चालेल ना?'

जोडणी म्हणजे पहिल्या भाषेतल्या स्ट्रिंगपुढे दुसऱ्या भाषेतली स्ट्रिंग लावणं. दोन्ही भाषा डिसायडेबल असतील, म्हणजे त्यांची मशीन M1 आणि M2 प्रत्येक स्ट्रिंगवर हो किंवा नाही सांगून थांबत असतील, तर खुशाल. नुसत्या रेकग्नायझेबल असतील, म्हणजे भाषेबाहेरच्या स्ट्रिंगवर मशीन कधीच न थांबण्याची शक्यता असेल, तर गाडी पहिल्याच तोडीवर अडकू शकते. abb घ्या. तो चार जागी तोडता येतो, पहिला तुकडा M1 ला आणि उरलेला M2 ला. रिकाम्या स्ट्रिंगवर M1 कायमचं फिरत बसलं, तर ab|b ला दोन्ही मशीन 'हो' म्हणणार असूनही आपण तिथवर पोचतच नाही. म्हणून k-व्या फेरीत चारही तोडींवर M1 आणि M2 सुरुवातीपासून k पावलं चालवायची. ab वर M1 ला 5 आणि b वर M2 ला 900 पावलं लागत असतील, तर उशिरात उशिरा 900व्या फेरीत उत्तर मिळतं. पावलं वाया जातात, जाऊ देत.

स्टारलाही, म्हणजे एकाच भाषेतले तुकडे एकापुढे एक जोडण्यालाही, हेच, फक्त तुकडे कितीही. रिकामी स्ट्रिंग आधीच स्वीकारायची. कॉम्प्लिमेंटला, म्हणजे भाषेबाहेरच्या स्ट्रिंग ओळखायला, मात्र ही युक्ती निरुपयोगी आहे, कारण तिथे मशीन थांबणारच नाही हे ओळखावं लागतं आणि ते कुठल्याच फेरीत दिसत नाही.