काम सुटलं, तंतू राहिले

"वडिलांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम सोडून 30 वर्षं झाली, मग मेसोथेलिओमा आत्ता कसा?"

मेसोथेलिओमा म्हणजे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. तो इतक्या उशिरा होतो, कारण अ‍ॅस्बेस्टॉसचे काही तंतू शरीराबाहेर पडलेच नाहीत. सुईसारखे बारीक, लांब तंतू फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात. भक्षक पेशी ते गिळायला जातात, पण तंतू पेशीहून लांब असला की गिळणं अर्धवट राहतं आणि दाह वर्षानुवर्षं चालू राहतो. आवरणातल्या पेशींच्या डीएनएत एकेक बिघाड साठत जातो. कर्करोग व्हायला असे अनेक बिघाड लागतात, म्हणून बहुधा 20 ते 50 वर्षं जातात. तोवर काहीच त्रास नसतो. पुढे आवरणात पाणी साचून दम लागतो, तेव्हा तपासणी होते. वडिलांचे कामावरचे धुळीचे कपडे घरी कोण धुवायचं? त्या व्यक्तीलाही धोका असतो, डॉक्टरांना हेही जरूर सांगा.