मदत हवी आहे: मुलीच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत, फी भरायचीय

घणसोलीकर
वाशीच्या शाखेत मुलीचं खातं आहे. परवापासून कार्ड चालत नाही. मी सही करून पैसे काढायला गेलो तर काउंटरवाला म्हणे, "तुमची सही चालणार नाही." सोमवारपर्यंत फी भरायची आहे. काय करू?

कळवा_एक्सप्रेस
मुलीचं वय किती? खातं कुणाच्या सहीने चालायचं?

घणसोलीकर
गेल्या आठवड्यात 18 पूर्ण झाली. सातवीत असताना उघडलं, पालक म्हणून मीच सही करायचो.

नौपाडा77
नियमाने 10 वर्षांपासून मुलं स्वतः खातं चालवू शकतात. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये परिपत्रक काढलंय. बँक फसवतेय, लेखी तक्रार ठोका!

निवृत्त_शाखाधिकारी
नौपाडा, परिपत्रक खरं आहे, पण ती मुभा आहे. किती रकमेपर्यंत आणि कार्ड द्यायचं का, हे बँक ठरवते. यांचं खातं पालकाच्या सहीचं. मुलगी सज्ञान झाली की पालकाचा अधिकार संपतो, म्हणून सही नाकारली ते बरोबरच. आता मुलीने स्वतः जायचं, नव्याने केवायसी द्यायची, नमुना सही द्यायची. पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म भरून द्यायचा. त्यानंतर खातं तिच्या सहीने चालेल.

घणसोलीकर
पॅन आहे. पण आधारवर अंगठा जुळत नाही, सिमवाल्याकडेही तेच झालं.

निवृत्त_शाखाधिकारी
पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अद्ययावत करायचे असतात, ते राहिलं असणार. आधार केंद्रात करून घ्या, पण ते सोमवारपर्यंत होईलच असं नाही. बँकेत अंगठा जुळलाच पाहिजे असं नाही, मूळ कागद दाखवून प्रत देता येते. पासपोर्ट असेल तर तोच न्या.

सानपाडा_आई
सिमला वय लागतं होय? माझ्या लेकाकडे सोळाव्या वर्षापासून आहे की!

कळवा_एक्सप्रेस
ताई, ते तुमच्या नावावर असणार. 18 च्या आत नवं सिम मिळत नाही. घणसोलीकर, बँकेत कुणाचा नंबर आहे? तुमचा असेल तर तोही बदलून घ्या, नाहीतर तिचं यूपीआय सुरू होणार नाही.

घणसोलीकर
माझाच आहे. आणि हो, मुलगी पुण्यात हॉस्टेलला आहे.

नौपाडा77
हे आधी सांगायचं ना!

निवृत्त_शाखाधिकारी
मग तिला पुण्यातल्या शाखेत काम होईल का, ते वाशीला फोन करून विचारा. काही बँका करून देतात, काही मूळ शाखेतच बोलावतात. सोमवारची फी तुमच्या स्वतःच्या खात्यातून भरा, खात्याचं नंतर बघता येईल.

ऐरोली_बाईकर
माझा पुतण्या 18 चा झाला, परवानाही आहे, तरी भाड्याने गाडी देत नाहीत. 21 मागतात. कुणाला ठाण्यात कमी वयाला देणारे माहीत आहेत का?

कळवा_एक्सप्रेस
वेगळा धागा काढा हो.

घणसोलीकर
फी माझ्या खात्यातून भरतो. वाशीचा फोन मात्र अजून कुणी उचलत नाही.