मदत हवी आहे: नवीन जॉइनीच्या वेलकम मेलमध्ये नंबर कोणाचा द्यावा?

सोमवारी टीममध्ये एक मुलगी जॉइन होतेय, वेलकम मेल मी पाठवायचाय. ऑफिसचा आयडी त्याच दिवशी चालू होणार म्हणून पर्सनल आयडीवरच पाठवतेय. ऑफिस ९ ला सुरू होतं पण लॅपटॉप आणि गेटपास १० शिवाय मिळत नाही म्हणून तिला १० ची वेळ दिलीय, नाहीतर बिचारी तासभर रिसेप्शनवर बसून राहील. ओळखपत्र, रिलीव्हिंग लेटर, बँक डिटेल्स आणायला सांगितलंय, ओरिजिनल फक्त दाखवायला, कॉपी जमा करायला हेही लिहिलंय. अडलंय ते कॉन्टॅक्टवर. एचआर, आयटी, मॅनेजर तिघांचे नंबर टाकले तर गेटवर अडवल्यावर नेमका कोणाला फोन करायचा ते तिला कळणार नाही, आणि मॅनेजर १० ला मीटिंगमध्ये असतात. मग एकच नंबर द्यावा का, आणि तो लागला नाही तर दुसरा कोणाचा?